जवळचे बारीक, लांबचे ठोकळ

आमच्या गावाकडच्या घरात ओसरीच्या भिंतीला एक खिळा आहे. त्या खिळ्याला २०१५ साली मी एक तक्ता टांगला होता. तीन रंगांच्या शाईने काढलेला, १ जून ते २८ फेब्रुवारी अशी सगळी वर्षाची शेती त्यात तारीखवार मांडलेली. पेरणी १४ जून, पहिली कोळपणी ४ जुलै, फवारणी २ ऑगस्ट, सोयाबीनची काढणी २६ सप्टेंबर, हरभऱ्याची पेरणी १२ ऑक्टोबर. प्रत्येक कामापुढे रुपये लिहिलेले होते. शेती दादा पाहतो, मी शेतीखात्यात नोकरीला. धाकट्या भावाने कृषीची पदवी घेतली त्याचा घराला काही उपयोग व्हावा, या भावनेने मी दोन रात्री बसून तो तक्ता तयार केला होता. गावातली माणसे येऊन तो पाहून जात, आणि मला बरे वाटे.

जमीन आमची आठ एकर, परभणी जिल्ह्यातली. चार एकर ओढ्याच्या अंगाला, तीन एकर वरचे रान आणि एक एकर विहिरीजवळ. विहिरीला पाणी बेताचे.

त्या वर्षी १२ आणि १३ जूनला पाऊस झाला, अंदाजे चाळीस मिलिमीटर. तक्त्यात १४ जून होतीच. दादा म्हणाला, "साहेब, तुमचा कागद तर पंचांगापेक्षा खरा निघाला." तो मला थट्टेने साहेब म्हणतो. आम्ही एका दमात सात एकर पेरून टाकले. पुढे पावसाने पाठ फिरवली. जुलै जवळजवळ कोरडा गेला. उगवलेले सोयाबीन दुपारी मान टाकू लागले आणि मग सकाळीही उचलेनासे झाले. दुबार पेरणीला पैसे हवे होते. रब्बीसाठी तक्त्यात लिहिलेले पैसे पेरणीतच संपले होते, कारण बियाणे, खत सारे एकाच वेळी सात एकरांना लागले. तेव्हा वहिनींनी पाटल्या काढून दिल्या. त्या बँकेत गहाण पडल्या. दुबार पेरलेलेही हाती फार लागले नाही. ऑगस्ट, सप्टेंबरही तुटीचेच गेले.

वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. तक्ता मात्र त्यांनी खिळ्यावरून काढला आणि चुलीशेजारी ठेवला. तो कधी जळाला, मला कळले नाही.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. चूक पावसाची होती असे म्हणून मोकळे होता आले असते. पण पाऊस बेभरवशाचा आहे हे तक्ता करण्यापूर्वी मला ठाऊक नव्हते काय? चूक अशी होती की, पंधरा दिवसांनी होणारे काम आणि आठ महिन्यांनी होणारे काम मी सारख्याच बारकाईने लिहिले होते. पुढच्या पंधरवड्याविषयी मला बरेच माहीत होते. फेब्रुवारीविषयी काहीच नव्हते. पण दोन्हींपुढे तारीख एकाच शाईने लिहिलेली. कागदावर तारीख लिहिली की ती खरी वाटू लागते, आणि मग माणूस आभाळाकडे न बघता कागदाकडे बघतो. चाळीस मिलिमीटरवर पेरू नका, असे मी स्वतः गावोगाव सांगत होतो. घरी मात्र तारीख आली म्हणून पेरले.

दादाचा मुलगा पुण्याला पूल बांधणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. दिवाळीला आला असताना हा विषय निघाला, तेव्हा तो म्हणाला, "काका, आमच्याकडे असे कोणी करत नाही. खाली खडक किती फुटांवर लागेल ते खणल्याशिवाय कळत नाही. म्हणून पायाचे काम आधी तपशिलाने ठरवतो. वरच्या कामाचा अंदाज फक्त मांडून ठेवतो आणि खडक लागला की मग तो भरतो. रोलिंग वेव्ह प्लॅनिंग म्हणतात त्याला. एक लाट आली की पुढची दिसते, तशी आखणी." नाव इंग्रजी असले तरी गोष्ट माझ्या मनात बसली. आमचा खडक म्हणजे पाऊस. तो लागल्याशिवाय पुढचे लिहायचे कसे?

ही रीत नीट जमायला आम्हांला पुढची काही वर्षे लागली. ती कसाला लागली २०२३ साली, म्हणून त्या वर्षाची हकिगत सांगतो.

त्या वर्षी वटपौर्णिमा ३ जूनला होती. त्या दिवशी आम्ही तिघे बसलो आणि शंभर पानी वहीची तीन पाने घेतली. आधी ठरवले की, दर अमावास्येला आणि पौर्णिमेला बसायचे. अमावास्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत, तेव्हा दादाला सवड असते. मधल्या दिवसांत कोणी काही ऐकून आले, टीव्हीवर काही पाहिले, तरी वही उघडायची नाही. अपवाद एकच, तो पावसाच्या डब्याचा. त्याविषयी पुढे सांगतो.

पहिल्या पानावर फक्त पुढचे पंधरा दिवस. पण ते अगदी बारीक. ओढ्याकाठच्या चार एकरांसाठी घरचे सोयाबीन, एकरी तीस किलोप्रमाणे एकशेवीस किलो. ते वहिनींनी पाखडून निवडायचे. उगवण तपासायची ती अशी : शंभर दाणे ओल्या पोत्यावर ओळीने मांडायचे, पोते गुंडाळून सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि सहाव्या-सातव्या दिवशी कोंब आलेले दाणे मोजायचे. असे तीनदा. सत्तर किंवा जास्त उगवले तर ठरलेले बियाणे वापरायचे, साठ ते सत्तरच्या मध्ये आले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे, साठाच्या खाली गेले तर ते बी पेरायचे नाही. आमचे सरासरी बाहत्तर आले. खत चार एकरांपुरतेच आणायचे, एकरी एक पोते डीएपी आणि वीस किलो पोटॅश. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवायचे, पण तारीख द्यायची नाही. "निरोप आल्यापासून दोन दिवसांत" एवढाच करार. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव.

दुसरे पान पेरणीपासून पोळ्यापर्यंतचे. ते ठोकळ. त्यात तारखा नव्हत्या, फाटे होते. १५ जुलैपर्यंत पुरेसा पाऊस झाला तर सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. त्यानंतर झाला तर सोयाबीन सोडून तूर, सूर्यफूल किंवा एरंडी. विहिरीजवळच्या एकरात मूग, पण जुलैचा पहिला आठवडा उलटला तर मूग रद्द. मुगाचे बी म्हणून विकत घेतलेच नाही. खर्च पंधरा ते वीस हजार, असा पल्ला लिहिला, नेमका आकडा नाही.

तिसरे पान रब्बीचे. त्यावर चारच ओळी. वरच्या तीन एकरांत ज्वारी की हरभरा, ते पोळ्याला ठरेल. घरच्या ज्वारीचे बारा किलो बी राखायचे. कडबा मृगापर्यंत पुरला पाहिजे. आणि चौथी ओळ : पंधरा हजार रुपये, हात लावायचा नाही.

ही चौथी ओळ वहिनींची. त्या म्हणाल्या, "भावजी, लांबचं काम ठोकळ लिवा, पर लांबचा पैसा ठोकळ ठेवू नका. तो आत्ताच बाजूला काढा." ते पंधरा हजार त्यांच्या नावच्या खात्यावर गेले. हाती एकूण साठ हजार होते. उरलेल्या पंचेचाळीसांत पहिली दोन पाने बसवायची होती.

आणखी एक गोष्ट वेगळ्या शाईने लिहिली. काही कामे लांबची असली तरी त्यांची मुदत दुसऱ्याच्या हातात असते. पीकविम्याची मुदत ३१ जुलै होती. ती आमच्या सोयीने पुढे सरणार नव्हती. (त्या वर्षी ती पुढे तीन दिवस वाढली, पण आधी हे कोणाला ठाऊक होते?) असली कामे ठोकळ पानावर असली तरी त्यांची तारीख पक्की लिहावी लागते.

आता डब्याविषयी. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, उभ्या कडेचा पत्र्याचा डबा उघड्या जागी, झाडापासून दूर, मेखेला बांधून ठेवला. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरायची, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस, आणि डबा रिकामा करायचा. मोजायचे काम वहिनींकडे. डब्याची बेरीज पंचाहत्तरला पोचली की पौर्णिमेची वाट न पाहता वही उघडायची.

पंचाहत्तरच का, ते सांगतो. आमच्या काळ्या रानात पंचवीस-तीस मिलिमीटर पावसाने वरची चार बोटे जमीन ओली होते. तेवढ्यावर बी उगवते, यात शंका नाही. पण मूळ खाली जाते ते कोरड्या मातीत. वरची ओल पाच-सहा दिवसांत उडाली की रोप दोन्हीकडून अडते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्यावर ओल वीतभर खाली जाते आणि मग दहा-बारा दिवस उघडीप पडली तरी रोप तग धरते. मात्र तेवढा पाऊस महिनाभर थेंबथेंब पडला असेल तर बेरीज फसवते. म्हणून बेरीज भरली तरी खुरप्याने वीतभर खड्डा करून मातीचा गोळा वळतो का, तेही पाहायचे.

त्या वर्षी मान्सून ११ जूनला कोकणात पोचला आणि तिथेच अडून बसला. १८ जूनच्या अमावास्येला बसलो तेव्हा डबा कोरडा होता. पहिल्या पानावरची तयारीची कामे झाली होती. नवे पहिले पान लिहिले, त्यात फारसे काही नव्हते. २७ जूनपर्यंत डब्यात अठ्ठावीस झाले. शिवारात तिफणी आणि ट्रॅक्टर सुरू झाले. दादाचा जीव राहीना. त्याने मला फोन केला, "सगळं गाव पेरतंय. आपुनच का बसायचं?"

मी उत्तर द्यायच्या आत फोन वहिनींच्या हातात गेला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "अठ्ठावीस हायेत भावजी. आन् चार बोटांखाली खडखडीत." दादा मागून काही तरी बोलत होता. वहिनी त्याला म्हणाल्या, "माझ्याकडं आता पाटल्यांची दुसरी जोडी न्हाई."

पाटल्या २०१७ सालीच सुटल्या होत्या. पण त्या दिवसापर्यंत त्यांचा उच्चार घरात कोणी केला नव्हता.

३ जुलैच्या गुरुपौर्णिमेलाही बेरीज भरली नव्हती. पुढे तीन दिवस चांगला पाऊस झाला आणि ८ जुलैला एकूण एक्याऐंशी झाले. खड्ड्यात वीतभर ओल लागली. ट्रॅक्टरवाल्याला निरोप गेला, ९ आणि १० जुलैला चार एकरांत सोयाबीन आणि तूर पेरून झाली. मुगाची तारीख उलटली होती, म्हणून विहिरीजवळच्या एकरात चाऱ्याचा मका टाकला. मूग गेला त्याचे वाईट वाटले, पण त्यात एक रुपयाही अडकला नव्हता.

खरे सांगायचे तर, आमच्या आधी पेरणाऱ्यांचे सगळ्यांचेच बिघडले नाही. ओढ्याच्या अगदी कडेला, खोल जमिनीत ज्यांनी पेरले त्यांचे पीक टिकले आणि आमच्या आधी दहा दिवस तयार झाले. हलक्या रानात ज्यांनी पेरले, त्यांतल्या काहींना पुन्हा पेरावे लागले. थांबण्याची किंमत असते. ती किती, हे आधी बघून ठेवले तर थांबणे सोसते.

१७ जुलैच्या दीप अमावास्येला मोठा वाद झाला. वरचे तीन एकर मोकळे होते, जमीन ओली होती. दादाचे म्हणणे, तिथेही तूर टाकू. मी म्हणालो, तूर टाकली की ते रान जानेवारीपर्यंत बांधले गेले. मग तिसऱ्या पानावर ठरवायला उरतेच काय? पुढचे ठोकळ ठेवायचे म्हणजे नुसते न लिहिणे नव्हे, त्याच्यासाठी जागा आणि पैसा मोकळा ठेवणे. आज सगळे रान भरून टाकले तर पोळ्याला बसून उपयोग नाही. शेवटी तीन एकर मोकळे राहिले. त्यात वखराच्या पाळ्या दिल्या, म्हणजे तण मरावे आणि पडेल तो पाऊस जमिनीत मुरावा.

ऑगस्ट आला तो कोरडा. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कमी पावसाचा ऑगस्ट ठरला. १६ ऑगस्टला बसलो तेव्हा सोयाबीन फुलावर येऊ लागले होते. दुसऱ्या पानावर आम्ही एकच ओळ लिहिली होती : "खंड पडला तर विहिरीचे पाणी." आता ती ओळ पहिल्या पानावर आणून फोडायची वेळ आली. पाणी दोरीने मोजले. चार एकरांना पुरणार नव्हते, दोन एकर एकदा भिजले असते. कोणते दोन? दादाला वाटे, चांगल्या रानाला द्यावे. पण खोल काळी जमीन आणखी आठवडाभर ओल धरून राहते, उथळ बाजू आधी हार मानते. म्हणून पाणी उथळ बाजूला. तुषार संच पाहुण्यांकडून मागून आणायचा, वीज रात्री असे म्हणून दोन माणसांच्या पाळ्या, कोणत्या रात्री कोणते तुकडे, सगळे त्या दिवशी लिहिले. जूनमध्ये हे लिहायला बसलो असतो तर कोणत्या बाजूला, किती आणि कधी यांपैकी एकही गोष्ट बरोबर आली नसती.

उथळ बाजूला एकरी साडेपाच क्विंटल झाले, खोल बाजूला पाण्याविना चार. त्या वर्षी पिवळा मोझॅकही आला होता. भरघोस म्हणावे असे पीक नव्हते, पण घातलेले निघाले आणि वर थोडे राहिले.

सप्टेंबरमध्ये पाऊस परतला. पोळा १४ सप्टेंबरला होता. बैलांना पुरणपोळी चारून संध्याकाळी तिसरे पान उघडले. वरच्या रानात खड्डा केला तर ओल दोन विती खाली गेलेली होती. मोकळे रान वखरत ठेवल्याचा तो फायदा. आता जे ठोकळ होते ते बारीक केले. हरभऱ्याला भाव बरा, पण कडबा नव्हता आणि दावणीला दोन बैल, एक म्हैस. दोन एकर ज्वारी आणि एक एकर हरभरा ठरला. राखलेले ज्वारीचे बी एकरी चार किलोप्रमाणे आठ किलो लागले, चार किलो उरले. ज्वारी सप्टेंबरअखेरीस पेरली, हरभरा ऑक्टोबरच्या मध्यावर. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला, त्याने तुरीचा फुलोरा झडला आणि ज्वारीला मात्र आयते पाणी मिळाले. कडबा मृगापर्यंत पुरला. ते पंधरा हजार जिथे लागायचे तिथेच लागले.

एका ठिकाणी आम्ही चुकलो, तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या पानावर सोयाबीनच्या काढणीची ओळच नव्हती. ठोकळ लिहायचे म्हणून आम्ही ती गाळली होती. पीक पिकले तेव्हा मळणीयंत्र आणि मजूर दोन्ही दुसऱ्यांनी आधी सांगून ठेवलेले. आठ दिवस पीक उभे राहिले, शेंगा तडकून दाणे रानात पडले. ठोकळ पानावर तपशील नसला तरी चालतो, पण कामाचे नाव गाळून चालत नाही. त्या नावापुढे, "हे किती दिवस आधी सांगावे लागते?" एवढा प्रश्न विचारून ठेवला असता तर यंत्र मिळाले असते.

दुसरी एक खोड पुढच्या वर्षी ध्यानात आली. "पुढे बघू" हे शब्द फार सोयीचे असतात. दादाने वरच्या रानातल्या बांधबंदिस्तीपुढे ते तीन बैठका लागोपाठ लिहिले. पावसाची किंवा ओलीची वाट पाहायची असती तर ठीक, पण तिथे कशाचीच वाट नव्हती, नुसता कंटाळा होता. तेव्हापासून नियम केला : ज्या ओळीपुढे "बघू" लिहायचे, तिथे काय बघायचे आणि कोणत्या दिवशी, तेही लिहायचे. ते लिहिता आले नाही तर ते काम आजच ठरवायचे.

त्या खिळ्यावर आता तक्ता नाही, सुतळीने बांधलेली वही असते. तिची पुढची पाने खाडाखोडीने मळलेली असतात, मागची जवळजवळ कोरी. बदलून गावी जाता आले नाही, नोकरी अजून तालुक्याला आहे. त्यामुळे पावसाळा लागला की सकाळी नऊच्या सुमारास वहिनींचा फोन येतो.

"भावजी, आजचे धरून बेचाळीस झाले."

"मग?"

"मग काय? तेहतीस बाकी हायेत. तुमचे दादा तिफण पुसत बसलेत, बसू द्या."